दीडशे ग्रॅमचे खरेदीखत आणि तीस मेगाबाइटची फाईल

ऐंशी ग्रॅम वजनाच्या साध्या ए-फोर कागदाचे एक पान सुमारे पाच ग्रॅम भरते, म्हणजे तीस पानांच्या खरेदीखताचे एकूण वजन दीडशे ग्रॅम होते आणि ते कोणत्याही पिशवीत, पाकिटात किंवा चिटणिसांच्या काखेत विनातक्रार मावते. परंतु हेच खरेदीखत एकदा स्कॅनरच्या काचेवरून फिरून आले की त्याची तीस मेगाबाइटची फाईल होते आणि ती ईमेलच्या दारात अडकून बसते. गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत या अडथळ्यावर परंपरेने तीन उपाय केले जातात. पहिला उपाय फाईलचे नाव बदलून तीच पुन्हा पाठवण्याचा आहे आणि त्यामागे आशेखेरीज दुसरे तत्त्व नाही. दुसरा उपाय खरेदीखताचे ‘भाग १’, ‘भाग २’ आणि ‘भाग २ नवीन’ असे तुकडे करण्याचा असून त्यात विक्रेता एका मेलमध्ये आणि खरेदीदार दुसऱ्या मेलमध्ये राहतो. तिसरा, अधिक शास्त्रीय भासणारा उपाय म्हणजे फाईल झिप करणे. त्याने तीस मेगाबाइटचे जेमतेम साडेएकोणतीस होतात, कारण स्कॅनमधील चित्रे जेपेग या पद्धतीने आधीच दाबलेली असतात आणि त्यांतून पिळून काढण्याजोगे झिपच्या हाती फारसे काही लागत नाही.

हे वजन येते कोठून, हे समजण्यासाठी स्कॅनर काय करतो ते पाहावे लागते. स्कॅनरला वाचता येत नाही. तो अक्षरे पाहत नाही, तर पानाचे छायाचित्र घेतो. ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, या मापाने ए-फोर पान स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके तयार होतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागत असल्याने न दाबलेले एक पान २६ मेगाबाइट भरते. जेपेग पद्धत डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देऊन हे प्रमाण पानामागे एका मेगाबाइटच्या आसपास आणते, हा तिचा मोठाच पराक्रम होय. तथापि उरलेल्या मेगाबाइटमध्येही मजकुराचा वाटा माफक असून कागदाचा पिवळेपणा, घडीची रेघ, मागच्या पानावरच्या शाईची सावली आणि टाचणीचा गंज यांची नोंद मोठ्या निष्ठेने झालेली असते. दस्तऐवजाच्या कोऱ्या समासाला इतके महत्त्व स्कॅनरखेरीज दुसऱ्या कोणीही दिलेले नाही.

यात ईमेलची स्वतःची भर पडते. ईमेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी घडलेली असल्याने जोडपत्र पाठवताना ते बेस-६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत उतरवले जाते आणि त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. परिणामी तीस मेगाबाइटची फाईल प्रवासाला निघताना चाळीस मेगाबाइटची होते, आणि जेथे संपूर्ण संदेशावर २५ मेगाबाइटची मर्यादा असते तेथे वीस मेगाबाइटची फाईलही परत येऊ शकते. ‘वीस पंचविसापेक्षा कमी असतात’ हे गणित चिटणिसांना चौथीपासून ठाऊक असल्याने अशा वेळी दोष नेहमी इंटरनेटला दिला जातो.

या ठिकाणी घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रणालीचा प्रवेश होतो. ती एल. पीटर डॉइच यांनी लिहिली आणि १९८८ साली प्रथम प्रसिद्ध केली. पोस्टस्क्रिप्ट ही छापखान्याच्या यंत्रांना पान कसे रेखाटावे हे सांगणारी भाषा समजून घेणे हे तिचे मूळ काम होते, आणि पुढे पीडीएफ आल्यावर तिने तेही शिकून घेतले. तिला खिडकी नाही, बटणे नाहीत आणि काम चालू असताना डोलणारी पट्टीही नाही. तिच्याशी एका ओळीत, लेखी आणि अचूक बोलावे लागते. नेहमीच्या कामासाठी पुरेशी होणारी आज्ञा अशी आहे:

```
gs -o lahan.pdf -sDEVICE=pdfwrite \
   -dPDFSETTINGS=/ebook mool.pdf
```

विंडोजवर `gs` च्या जागी `gswin64c` लिहावे लागते आणि आज्ञा एकाच ओळीत, मधली तिरकी रेघ वगळून द्यावी लागते. `-o` नंतर नव्या फाईलचे नाव येते, `pdfwrite` हे पीडीएफ लिहिणाऱ्या भागाचे नाव आहे आणि शेवटी मूळ फाईल येते. जुन्या लिखाणात `-o` ऐवजी `-sOutputFile` आणि त्यासोबत `-dNOPAUSE` व `-dBATCH` ही जोडी आढळते. यांपैकी पहिला शब्द विसरल्यास घोस्टस्क्रिप्ट प्रत्येक पानानंतर थांबून कळ दाबण्याची विनंती करते आणि दुसरा विसरल्यास काम संपल्यावरही पुढच्या हुकमाची वाट पाहत तिष्ठत राहते. कोणत्याही कार्यालयात दुर्मीळ असणारा हा नम्रपणा येथे मात्र अडचणीचा ठरतो. `-o` लिहिले की हे दोन्ही शब्द गृहीत धरले जातात.

नव्या फाईलला जुन्याच फाईलचे नाव देण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. घोस्टस्क्रिप्ट मूळ फाईल आक्रसत नाही. ती मूळ फाईल वाचून दुसरी, संपूर्ण नवी फाईल लिहिते. दोन्हींचे नाव एकच असेल तर लिहिण्यासाठी जागा करताना वाचायची फाईलच पुसली जाते. फाईल लहान करण्याची याहून परिणामकारक रीत सापडणार नाही, परंतु अशी फाईल पाठवण्याचे कारण उरत नाही.

आज्ञेतील खरा निर्णय `/ebook` या शब्दात आहे. `/screen`, `/ebook`, `/printer` आणि `/prepress` अशी चार तयार मापे असून रंगीत चित्रांसाठी पहिल्याचे लक्ष्य ७२ डीपीआय, दुसऱ्याचे १५० आणि उरलेल्या दोघांचे ३०० असते. खरेदीखताचे ई-पुस्तक करून ते रात्री उशाशी वाचणारा वाचक अद्याप निपजलेला नाही. तरीही ईमेलसाठी बहुधा हेच माप योग्य ठरते. ३०० चे १५० झाले की रुंदीत निम्मे आणि उंचीत निम्मे पिक्सेल उरतात, म्हणजे एकूण पिक्सेल चौथाईवर येतात, आणि उरलेल्या चित्राला जेपेगचा दाबही थोडा अधिक दिला जातो. पानामागे एक मेगाबाइट असलेले तीस पानांचे खरेदीखत या रीतीने पाच ते आठ मेगाबाइटच्या घरात यावे, आणि बेस-६४ ची भर धरूनही ते दहा-अकराच्या पुढे जाऊ नये. येथे घडलेल्या क्रियेला दाबणे म्हणणे सौजन्याचे आहे. वस्तुतः दर चार पिक्सेलांपैकी तिघांना कायमची रजा देण्यात आलेली असते आणि त्यांना परत बोलावण्याची सोय कोणत्याही प्रणालीत नाही.

आतापर्यंतचे सर्व सुरळीत झाले असे मानले तरी अभ्यासाला योग्य असा प्रसंग पुढेच आहे. दुसऱ्या एका संस्थेचे चिटणीस तीच आज्ञा, स्वल्पविरामाचाही फरक न करता, आपल्या फाईलवर चालवतात. पडद्यावर पाने एकामागून एक मोजली जातात, कोणतीही चूक दाखवली जात नाही, आणि अठरा मेगाबाइटच्या फाईलमधून अठरा मेगाबाइटचीच फाईल बाहेर येते. आज्ञा पुन्हा चालवली जाते. नंतर संगणक बंद करून, चालू करून चालवली जाते. शेवटी ‘आमच्या इथे हे चालत नाही’ असा ठराव एकमताने मंजूर होतो, ज्यातील ‘इथे’ या शब्दाची व्याप्ती इतिवृत्तात स्पष्ट केलेली नसते.

कारण मात्र स्पष्ट आहे आणि ते दीड या आकड्यात दडलेले आहे. चित्र लक्ष्यापेक्षा किंचितच मोठे असेल तर ते लहान करण्यात लाभ थोडा आणि खराबी अधिक, या विचाराने घोस्टस्क्रिप्टमध्ये एक उंबरठा ठेवलेला आहे आणि त्याचे ठरलेले मूल्य १.५ आहे. चित्राचे माप लक्ष्याच्या दीडपटीच्या पुढे गेले तरच पिक्सेल कमी केले जातात. १५० ची दीडपट २२५ होते, म्हणून ३०० डीपीआयचे खरेदीखत उंबरठा ओलांडून कात्रीखाली येते. परंतु दुसऱ्या संस्थेच्या स्कॅनरवर कोणीतरी मध्यममार्ग म्हणून २०० डीपीआय निवडलेले असते आणि २०० हे २२५ च्या आत राहतात. त्यातच घोस्टस्क्रिप्टचा आणखी एक नियम असा की जेपेग चित्राच्या मापात किंवा रंगव्यवस्थेत बदल करायचा नसेल तर ते उलगडून पुन्हा दाबायचे नाही, जसेच्या तसे नव्या फाईलमध्ये ठेवायचे, कारण दर वेळी दाबताना जेपेगची प्रत थोडी खालावते. अशा प्रकारे चिटणिसांच्या फाईलची अत्यंत काळजीपूर्वक नक्कल होते. घोस्टस्क्रिप्ट बिघडलेली नसते. तिने फाईल पाहिली, हात लावण्याचे कारण नाही असे ठरवले आणि हे मत कोणालाही कळवले नाही, इतकेच.

उपाय म्हणून उंबरठा १ वर आणता येतो:

```
gs -o lahan.pdf -sDEVICE=pdfwrite \
   -dPDFSETTINGS=/ebook \
   -dColorImageDownsampleType=/Bicubic \
   -dColorImageDownsampleThreshold=1.0 \
   mool.pdf
```

मधल्या ओळीतील `Bicubic` हा पिक्सेल कमी करण्याच्या रीतीचा उल्लेख आहे. २०० चे १५० करताना प्रमाण पूर्णांकात बसत नसल्याने शेजारच्या पिक्सेलांचा तोलून विचार करणारी ही रीत हवी असते. पान करड्या छटांत स्कॅन केलेले असल्यास हेच दोन शब्द `Color` च्या जागी `Gray` घालून लिहावे लागतात, अन्यथा सूचना रंगीत चित्रांना दिली जाते आणि करडी चित्रे ती आपल्यासाठी नाही असे समजून स्वस्थ राहतात. २०० चे १५० झाल्यावर पिक्सेल सुमारे ५६ टक्के उरतात. तेव्हा अठराचे चार होण्याची अपेक्षा येथे करू नये.

फाईल तसूभरही न हलण्याचे दुसरे कारण मोबाइलवरच्या स्कॅनिंगमधून येते आणि ते अधिक रंजक आहे. डीपीआय हा चित्राचा अंगभूत गुण नव्हे. ते पिक्सेल आणि कागद यांचे गुणोत्तर आहे. काही अॅप २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे उत्तम चित्र घेतात, परंतु पीडीएफ तयार करताना कागद ए-फोर असल्याचे न सांगता प्रत्येक पिक्सेलला इंचाचा बहात्तरावा भाग बहाल करतात. त्यामुळे पानाचे अधिकृत आकारमान ३४ इंच रुंद आणि ४८ इंचांहून लांब ठरते, म्हणजे खरेदीखत कागदावर नव्हे तर बाळाच्या दुपट्यावर लिहिले असावे असे फाईलचे म्हणणे असते. पडद्यावर ते खिडकीच्या मापात बसवून दिसत असल्याने कोणालाही संशय येत नाही. घोस्टस्क्रिप्ट मात्र कागदपत्रांवर विश्वास ठेवते. तिच्या हिशेबाने हे चित्र आधीच ७२ डीपीआयचे असते आणि १५० च्या लक्ष्यापुढे त्यातून काढण्यासारखे काही नसते. अशा वेळी पानाला आधी त्याची पायरी दाखवावी लागते:

```
gs -o lahan.pdf -sDEVICE=pdfwrite \
   -dPDFSETTINGS=/ebook -sPAPERSIZE=a4 \
   -dFIXEDMEDIA -dPDFFitPage mool.pdf
```

पान ए-फोरमध्ये बसवले की तेच पिक्सेल ३०० डीपीआयचे ठरतात, उंबरठा ओलांडतात आणि कापले जातात.

या दोन कारणांपैकी आपल्या फाईलला कोणते लागू आहे हे तर्काने ठरवण्यापेक्षा विचारून घेणे सोपे असते. पॉप्लर नावाच्या साधनसंचात `pdfimages` ही छोटी प्रणाली असते आणि `pdfimages -list mool.pdf` इतके लिहिले की ती प्रत्येक पानावरील चित्राची नोंद तक्त्यात मांडते. त्यातील `x-ppi` या रकान्यात पानाच्या अधिकृत आकारमानावरून निघणारे चित्राचे माप असते. तेथे ३०० दिसल्यास साधी आज्ञा पुरते, २०० दिसल्यास उंबरठा उतरवावा लागतो आणि ७२ दिसल्यास दुपट्याचा संशय घ्यावा. `enc` या रकान्यात चित्र कोणत्या पद्धतीने दाबले आहे ते कळते, आणि तेथे `jbig2` किंवा `jpx` असे दिसल्यास हात आवरलेला बरा. या दोन पद्धती घोस्टस्क्रिप्टला वाचता येतात, पण `pdfwrite` ला त्या पद्धतींनी नव्याने दाबता येत नाही. ते चित्र उलगडावे लागले की तिला ते तिच्या माहितीच्या जुन्या पद्धतीने पुन्हा बांधावे लागते आणि त्यामुळे लहान करायला दिलेली फाईल अंगाने भरून परत येण्याचा संभव असतो.

येथवर आल्यावर चिटणिसांच्या मनात जो प्रश्न येतो तो मानवी स्वभावाला धरूनच आहे: १५० ने इतके साधत असेल तर `/screen` चे ७२ का घेऊ नयेत? छपाईत अक्षरांची उंची पॉइंटमध्ये मोजतात आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ७२ डीपीआयला एका पॉइंटच्या वाट्याला बरोबर एक पिक्सेल येतो आणि दहा पॉइंटच्या टाइपाला वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंत सगळा संसार दहा पिक्सेलांत थाटावा लागतो. रोमन लिपी हा संकोच काही प्रमाणात सहन करते, कारण तिची बहुतेक अक्षरे एकाच मजल्यावर राहतात. देवनागरीचे तीन मजले आहेत. शिरोरेघेला एक पिक्सेल गेला, मात्रेला दोन गेले, रफाराला जागा उरली नाही आणि अनुस्वार जेपेगच्या धुरकटपणात विरून गेला, की ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात भेद करणारी तिरकी रेघ शोधण्यासाठी वाचकाला प्रकरणाची आधीपासून माहिती असावी लागते. १५० डीपीआयला त्याच टाइपाला सुमारे २१ पिक्सेल मिळतात आणि मजकूर वाचता येतो. दस्त क्रमांक, मुद्रांकावरचे बारीक आकडे आणि हाताने लिहिलेले क्षेत्रफळ ही तीन ठिकाणे मात्र पडद्यावर मोठी करून डोळ्यांनी तपासावीत, कारण चौरस मीटरमधला दशांशचिन्हाचा ठिपका नाहीसा झाल्यास सदनिकेचे क्षेत्रफळ वाढते आणि तसे ते वाढवण्याचा अधिकार घोस्टस्क्रिप्टला दिलेला नाही.

रंग काढून टाकून वजन उतरवण्याची युक्तीही सुचवली जाते, परंतु तिचा लाभ अपेक्षेपेक्षा कमी असतो. जेपेग पद्धत रंगाची माहिती मुळातच उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवते, त्यामुळे रंग गेल्याने फाईल एक तृतीयांशावर येत नाही. उलट निळ्या शाईची सही आणि जांभळा शिक्का करडे झाल्यावर मूळ प्रतीचा स्कॅन आणि झेरॉक्सचा स्कॅन यांत फरक करणे अवघड होते. खरी बचत निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये असते, कारण तेथे एका पिक्सेलला एकच बिट लागतो आणि ३०० डीपीआयचे पान दाबण्यापूर्वीच जेमतेम एक मेगाबाइट भरते. मात्र रंगीत चित्राचे असे रूपांतर `pdfwrite` करत नाही. तो निर्णय स्कॅनरपुढे उभे असताना घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी सर्व पिढ्यांतील सर्व माणसे ‘बेस्ट क्वालिटी’ हेच बटण दाबतात.

एक प्रकारचे दस्तऐवज या संपूर्ण प्रक्रियेतून वगळावे लागतात आणि ते म्हणजे डिजिटल सही असलेले. तशी सही ही पानावरची आकृती नसून फाईलच्या बाइटांवर केलेला हिशेब असतो. घोस्टस्क्रिप्ट नवी फाईल लिहिते, त्यामुळे सहीचे चित्र नव्या फाईलमध्ये दिसू शकले तरी तिची पडताळणी होत नाही. सहीचे वजन काढण्याच्या नादात सहीच निघून गेल्याचे कळते तेव्हा फाईल पोहोचलेली असते.

पोहोचलेल्या फाईलचा पुढचा प्रवास मात्र येथे सांगितलेल्या नियमांवरच चालतो. खरेदीखत एका कार्यालयातून दुसऱ्याकडे आणि तेथून वकिलाकडे जाते, आणि वाटेतील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ते ‘जरा लहान करून’ पुढे धाडावेसे वाटते. प्रत्येकाने आपल्या मर्जीने `/screen` चालवले तर पहिल्याच हातात दस्ताचे धुके होईल. पण प्रत्येकाने चिटणिसांचीच साधी `/ebook` आज्ञा चालवली तर काय होते? चित्र आधीच १५० डीपीआयचे असते, दीडपटीचा उंबरठा ओलांडला जात नाही, जेपेग उलगडले जात नाही आणि दस्त पहिल्या हाती जसा होता तसाच शेवटच्या हाती पडतो. दुसऱ्या संस्थेच्या सभेत ज्या दोन नियमांविरुद्ध ठराव मंजूर झाला, त्याच दोन नियमांनी दस्ताचे अनुस्वार राखलेले असतात. आणि साखळीतील प्रत्येक जण आपण फाईल लहान केली या समाधानात ती पुढे पाठवतो.